बेंचवरून ऑडिटकडे : एका लॅब टेक्निशियनचे अकरा महिने

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या लॅबच्या प्रमुख पॅथॉलॉजिस्ट मॅडम माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "बायोकेमिस्ट्रीतल्या तिला क्वालिटी मॅनेजर करायचं ठरवलंय. सप्टेंबरअखेर एनएबीएलचा अर्ज गेला पाहिजे. तिची तयारी तुम्ही करून घ्या."

मी मध्य मुंबईतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं काम बघते. लॅबमध्ये चौदा माणसं. 'ती' म्हणजे डीएमएलटी ही लॅब तंत्रज्ञानाची पदविका झालेली, बारा वर्षं बायोकेमिस्ट्रीच्या बेंचवर काढलेली टेक्निशियन. बदलापूरहून येते, सकाळी सातला अ‍ॅनालायझर चालू करते. कंट्रोलचा, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं अशा नमुन्याचा, बिंदू आलेखावर जरा वर सरकला तरी तिला अस्वस्थ वाटतं. मराठी माध्यमात शिकलेली. तोपर्यंत कुणाचं काम तपासणं, मीटिंग चालवणं किंवा चार पानांचा मजकूर लिहिणं यातलं काहीच तिने केलेलं नव्हतं.

हे प्रकरण मी मांडतेय ते मुख्यतः माझ्या एका चुकीमुळे. तिला नेमकं कुठे जड जाणार याचा माझा अंदाज साफ चुकला, आणि तो चुकलाय हे वेळेत कळलं ते फक्त कामाचे लहान टप्पे पाडलेले होते म्हणून.

काम नेमकं काय होतं

एनएबीएल म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं भारतातलं मंडळ. वैद्यकीय लॅबची तपासणी ते आयएसओ १५१८९ या मानकाप्रमाणे करतं, आणि या मानकाची सध्याची आवृत्ती २०२२ ची आहे. अर्ज करण्याआधी लॅबने स्वतःचं निदान एक पूर्ण अंतर्गत ऑडिट आणि एक व्यवस्थापन आढावा केलेला असावा लागतो. म्हणजे क्वालिटी मॅनेजरने प्रत्येक विभागात जाऊन कामाच्या पद्धती आणि नोंदी पाहायच्या, जिथे मानकाशी जुळत नाही तिथे 'नॉन-कन्फॉर्मिटी' लिहायची, तिचं कारण शोधून ती बंद होईपर्यंत मागे लागायचं आणि सगळं ट्रस्टींसमोर मांडायचं.

यात एक मेख आहे, ती तिच्याच लक्षात आली. शक्य असेल तिथे ऑडिट करणारा माणूस त्या कामापासून स्वतंत्र असावा, असं मानक सांगतं. म्हणजे ज्या बायोकेमिस्ट्रीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, नेमका तोच विभाग तिने तपासायचा नव्हता. बाकीचे सगळे तपासायचे होते.

पहिल्या बैठकीत मी तिला विचारलं, "या कामातलं तुला काय येतं?" ती पटकन म्हणाली, "काहीच नाही, मॅडम." मग आम्ही दोघींनी कामाचे तुकडे पाडले. रोजचं क्यूसी, म्हणजे कंट्रोल चालवून केलेली गुणवत्तेची तपासणी, आणि त्याचे आलेख तिला पाठ होते. लॅबचे निकाल पडताळायला बाहेरून येणारे ईक्यूएएसचे नमुने चालवणं आणि त्यांचे अहवाल वाचणं ती कैक वर्षं करत होती. यंत्रं, माणसं, पाळ्या, पुरवठादार यातलं काही नवीन नव्हतं. नवीन होत्या तीन गोष्टी : एसओपी म्हणजे कामाची ठरलेली पद्धत लिहिणं, ऑडिट करणं आणि ट्रस्टींसमोर बोलणं.

हा हिशेब मी प्रत्येक वेळी कागदावर मांडते. सगळंच काम अवघड वाटतं तेव्हा माणूस सगळ्याचीच तयारी करायला जातो आणि थकतो. इथे जागा तीच होती, माणसं तीच होती, फक्त भूमिका बदलत होती. जागा, माणसं आणि भूमिका तिन्ही एकदम बदलणार असतील तर ती जबाबदारी कुणाला देऊ नये, असं माझं मत आहे.

तिला भीती कशाची वाटते हेही विचारलं. पहिली भीती इंग्रजीची. दुसरी डॉक्टरांची : "पॅथॉलॉजिस्ट मॅडमना मी कशी विचारू की तुमची ही नोंद कुठेय?" मी दोन्ही लिहून घेतल्या आणि तयारी त्याच दोन गोष्टींभोवती आखली. चूक तिथेच झाली.

आधी स्पष्ट बोललो ते

कामाला हात लावण्याआधी पॅथॉलॉजिस्ट मॅडम, ती आणि मी एक तास बसलो आणि एक पानभर मजकूर लिहिला. त्यावर तिघींनी सही केली. तिच्याकडून काय अपेक्षित आहे, याइतकंच काय अपेक्षित नाही हेही त्या पानावर होतं. पहिले मसुदे कच्चे असतील. पहिल्या ऑडिटमध्ये बऱ्याच गोष्टी नजरेतून सुटतील. मान्यता मिळणं-न मिळणं ही तिची जबाबदारी नाही. मानकाप्रमाणे लॅबचा प्रमुख कामं सोपवू शकतो, ती लेखी सोपवावी लागतात, पण अंतिम जबाबदारी त्याचीच राहते. हे वाक्य मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. माझ्या मते त्या पानावरचं सगळ्यात उपयोगी वाक्य तेच होतं.

पैशाचंही लपवलं नाही. बढतीचं आश्वासन नव्हतं, आणि नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. एप्रिलपासून महिना तीन हजार रुपये भत्ता मंजूर झाला होता, तो लिहिला. आणि परतीची वाट ठेवली : ३० जूनपर्यंत तिला हे काम सोडून बेंचवर परत जाता येईल आणि वार्षिक अहवालात त्याचा एका शब्दाने उल्लेख होणार नाही.

त्यावर तिने जे विचारलं ते मला सुचलं नव्हतं. "मी परत आले तर माझ्या जागी बसवलेल्या मुलाचं काय?" त्या मुलाला मग सुरुवातीलाच 'जूनपर्यंत तात्पुरतं' असं सांगितलं. शिवाय आठवड्यातला एक दिवस तिने बेंचवरच काम करायचं ठरवलं, म्हणजे हात सुटणार नाही आणि त्या मुलालाही शिकवणं होईल.

वेळेच्या बाबतीत माझी बेरीज चुकली. मंगळवार-गुरुवार दुपारी दोन ते पाच, असे आठवड्याला सहा तास मी मागून घेतले होते. ती घरी आणि गाडीत किती वेळ घालवते याची नोंद ठेवायला सांगितलं होतं. मार्चमध्ये वही पाहिली तर सहा तासांवर आणखी अकरा तास. ती तक्रार करत नव्हती, कारण जबाबदारी मिळाली म्हणजे जास्त राबायचंच, हे तिने धरूनच चाललं होतं. ती वही मी प्रशासनाला दाखवली तेव्हा कंत्राटी टेक्निशियन मिळाला आणि एप्रिलपासून तिला दोन पूर्ण दिवस मोकळे झाले. वही नसती तर माझ्या नुसत्या म्हणण्यावर काही मिळालं नसतं.

याच सुमारास लॅबच्या सगळ्यांना घेऊन एक बैठक केली. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये एका लेखात मांडलेली पद्धत आहे : काम सुरू होण्याआधीच असं धरायचं की ते फसलंय, आणि का फसलं ते प्रत्येकाने लिहायचं. नुसतं 'काय अडचणी येतील' विचारलं तर लोक गप्प बसतात. फसलंच आहे असं धरल्यावर लिहितात. चिठ्ठ्या आल्या त्या अशा : डॉक्टर वेळेवर सह्या करणार नाहीत, रात्रपाळीला काही कळवलं जाणार नाही, पावसात गाड्या बंद पडतात तेव्हा ऑडिटला माणसंच नसतील. पावसाचं खरं होतं, म्हणून जुलैत एकही मोठा टप्पा ठेवला नाही. पण पुढे जे घडलं ते एकाही चिठ्ठीत नव्हतं.

आधार : तीन माणसं, तीन कामं

'काही लागलं तर सांग' असं म्हणणारी माणसं तिच्याभोवती भरपूर होती. त्या वाक्याचा उपयोग होत नाही, कारण मागायचं काय हेच नवख्या माणसाला ठाऊक नसतं. म्हणून आम्ही तिघांना एकेक ठरावीक काम दिलं.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमचं काम अधिकार आणि वेळ देणं. अधिकारपत्र त्यांनी सहीनिशी लॅबच्या फलकावर लावलं आणि सोमवारच्या बैठकीत स्वतः वाचून दाखवलं. माझं काम दर शुक्रवारी अर्धा तास तिचं ऐकणं. तिचं मूल्यमापन माझ्याकडे नव्हतं, आणि ते मुद्दाम तसं ठेवलं होतं, कारण ज्याच्या हातात आपली पगारवाढ असते त्याच्यापुढे 'मला हे जमत नाहीये' असं कुणी म्हणत नाही. तिसरी व्यक्ती ठाण्यातल्या एका रुग्णालयाची क्वालिटी मॅनेजर. तीही बेंचवरूनच आलेली. दर शनिवारी तिला अर्धा तास फोन.

तिसरी व्यक्ती शोधायला मी सगळ्यात जास्त खटपट केली. माणसाला 'मला जमेल' असं कशामुळे वाटतं, हे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं. सगळ्यात जोर असतो स्वतः करून जमल्याच्या अनुभवाला. त्याखालोखाल आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहिल्याचा असर होतो. शब्दांनी दिलेला धीर यांच्या मागे राहतो. आमच्याकडे धीर द्यायला पुष्कळजण होते, तिच्यासारखी वाट चाललेलं कुणी नव्हतं. फेब्रुवारीत ती ठाण्याला गेली, अर्धा दिवस त्या बाईंच्या मागे उभी राहून ऑडिट पाहिलं आणि परत येऊन म्हणाली, "मॅडम, त्या पण प्रश्न कागदावर लिहूनच नेतात."

पहिले टप्पे

पहिला टप्पा एकच एसओपी लिहिण्याचा : नमुना कधी नाकारायचा. रक्त फुटलेलं, कमी आलेलं, चुकीच्या नळीत घेतलेलं, लेबल नसलेलं. तिने अकरा पानं लिहून आणली. इंग्रजी छान होतं, कारण ते दुसऱ्या कुठल्याशा लॅबच्या दस्तऐवजातून उचललेलं होतं. मी भाषेबद्दल काहीच बोलले नाही. फक्त म्हटलं, "आज रात्रपाळीच्या मुलाला हे दे, आणि दोन नळ्या समोर ठेवून विचार, यातली कुठली परत पाठवशील?"

तो मुलगा सातव्या पानावर अडकला. नळी तशीच हातात.

दुसऱ्या खेपेला दोन पानं झाली. रक्त फुटल्याचा लालसरपणा किती चालेल आणि किती नाही, याचे फोटो तिने स्वतः काढून चिकटवले. आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत. मूळ दस्तऐवज इंग्रजीत ठेवला आणि बेंचजवळ मराठी कार्ड लावलं. इंग्रजीची भीती इथेच बरीचशी ओसरली. वाचणाऱ्याला निर्णय घेता आला की एसओपी चांगली, ही कसोटी तिच्या हाती आली होती, आणि ती इंग्रजीवर अवलंबून नव्हती.

दुसरा टप्पा मार्चअखेर : एकच खोली, पाऊण तास, पाच प्रश्न. रक्त घेण्याच्या खोलीत ती वही घेऊन कोपऱ्यात उभी राहिली. तिच्या लक्षात आलं की सकाळच्या गर्दीत नळ्यांना लेबलं आधीच लावून ठेवलेली असतात आणि नाव विचारून रक्त त्या नळीत घेतलं जातं. लेबल रक्त घेतल्यावर, रुग्णासमोरच लावायचं असतं. आधी लावलेल्या नळ्यांत एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतं. तिने ते लिहिलं. तिथल्या मुली दुसऱ्या विभागाच्या, फारशा ओळखीच्या नव्हत्या. काही अडलं नाही.

मला वाटलं, गाडी रुळावर आली.

रविवारीही चार अंश

तिसरा टप्पा एप्रिलमध्ये : हिमॅटॉलॉजी म्हणजे रक्तपेशी तपासणारा विभाग, त्याचा रीएजंटचा, म्हणजे तपासणीच्या रसायनांचा, फ्रीज आणि त्याच्या नोंदी. या फ्रीजचं तापमान दोन ते आठ अंशांत राहायला हवं आणि दिवसातून दोनदा लिहायला हवं. तक्ता दारावर लावलेला होता. मार्चचे एकतीस दिवस, दोन्ही वेळा, प्रत्येक चौकटीत ४.०. एकाच पेनाने, एकाच अक्षरात. पुढे आद्याक्षरं एकाच बाईची, अगदी रविवारच्या रकान्यातही, आणि रविवारी त्या बाईंची सुट्टी असते.

हे ओळखायला तिला दहा सेकंदही लागले नाहीत. बारा वर्षांत एकही फ्रीज महिनाभर चार अंशांवर बसून राहिलेला तिने पाहिला नव्हता. दार उघडलं की आकडा वर जातो, नंतर खाली येतो. खरा तक्ता कधी इतका नीटनेटका दिसत नाही.

तिने नॉन-कन्फॉर्मिटी लिहिली नाही. हे मला अडीच आठवड्यांनी कळलं.

आधी कळलं ते असं. दर शुक्रवारी ती मला आठवड्याच्या चार ओळी पाठवायची. फेब्रुवारी-मार्चमधल्या ओळींत नावं, खोल्या, आकडे असायचे : 'लेबलचं लिहिलं, सिस्टरना दाखवलं, त्यांना पटलं नाही, परत जाणार.' एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी आलं, 'फ्रीजचं काम चालू आहे.' पुढच्या शुक्रवारी, 'चालू आहे.' अडचण आली की माणूस ती लपवतो असं नाही. त्याच्या लिहिण्यातला तपशील आधी गळतो. मी तेवढीच एक खूण धरते, आणि आजवर तिने मला फसवलेलं नाही.

मी तिला दुपारच्या चहाला बाहेर घेऊन गेले. बराच वेळ ती एसओपीबद्दलच बोलत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तो तक्ता जिने लिहिलाय, तिच्या डब्यातली भाजी मी रोज खाते. माझ्या मुलीच्या बारशापासून ती माझ्या घरी येते. मी तिच्यावर लिहू?"

मी तिची तयारी डॉक्टरांसाठी करून घेतली होती. अडचण शेजारच्या खुर्चीवर बसली होती. वरच्या माणसाला प्रश्न विचारायची भीती उघड असते, ती सांगताही येते. बरोबरीच्या माणसाशी असलेलं नातं बदलणार आहे हे आधी दिसत नाही, कारण त्या नात्याचा आपण कधी विचारच केलेला नसतो. आतल्याच माणसाला तपासण्याचं काम देताना पहिल्या बैठकीत मी आता एक प्रश्न विचारते : डबा कुणाबरोबर खाता?

काय केलं

'हिंमत कर, लिही' असं मी म्हटलं नाही. तिने लिहिलंही असतं कदाचित, पण मग हिमॅटॉलॉजीतलं कुणी तिच्यापुढे पुन्हा खरं बोललं नसतं. पुढचं सगळं ऑडिट त्या खरं बोलण्यावर उभं होतं. आम्ही तो टप्पा थांबवला आणि त्याच्याआधी एक नवा टप्पा घातला.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी सोमवारच्या बैठकीत दोन गोष्टी सांगितल्या. नॉन-कन्फॉर्मिटीच्या कागदावर कुणाचं नाव येणार नाही, फक्त कामाची पद्धत येईल. आणि त्या कागदाचा वापर कुणाच्या वार्षिक अहवालात होणार नाही. त्यानंतर लॅबची पहिली उघड नॉन-कन्फॉर्मिटी कुणावर लिहायची ते तिने स्वतःच ठरवलं. ती स्वतःवर लिहिली.

गेल्या वर्षी एका शनिवारी कॅल्शियमच्या रीएजंटचा लॉट संपला. तिने नवा लॉट लावला, पण जुन्या आणि नव्या लॉटवर तेच नमुने चालवून तुलना करायची राहिली. आलेखात ते दिसत होतं : त्या दिवसापासून कंट्रोलचे सलग दहा बिंदू सरासरीच्या वरच्या बाजूला. एकही बिंदू मर्यादेबाहेर नव्हता, म्हणून कुणी काही म्हटलं नाही. पण सलग दहा बिंदू एकाच बाजूला पडणं म्हणजे काहीतरी सरकलंय, हे क्यूसी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तिने तो आलेख भिंतीवर लावला आणि सगळ्यांसमोर बोट ठेवून म्हणाली, "इथे मी चुकले." अंतर्गत ऑडिट तिने बायोकेमिस्ट्रीचं करायचं नव्हतं, पण स्वतःच्या कामातली त्रुटी नोंदवायला कुणालाच आडकाठी नसते.

संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या गटांत चुकांच्या नोंदी जास्त निघाल्या. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला की तिथली माणसं चुकांबद्दल मोकळेपणाने बोलतात. हे मी वर्गात कैकदा शिकवलं होतं. त्या सोमवारी भिंतीपाशी उभी राहून ते घडताना पाहिलं.

दोन दिवसांनी फ्रीजवाल्या बाई स्वतःच तिच्याकडे आल्या. कारण निघालं ते साधं होतं. थर्मामीटर फ्रीजच्या मागच्या कप्प्यात, खोक्यांच्या आड टांगलेला. आकडा वाचायचा तर सहा-सात खोकी बाहेर काढावी लागत. सकाळची नोंद आठ वाजता, म्हणजे उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची ओपीडीत रांग लागलेली असते नेमकी तेव्हा. कुणीच खोकी काढत नव्हतं. एक जण सगळ्यांच्या वाटचं लिहून टाकत होतं, इतकंच.

मग नॉन-कन्फॉर्मिटी लिहिली गेली. आकडा बाहेर दिसेल आणि कमाल-किमान लक्षात ठेवेल असा डिजिटल थर्मामीटर आला. सकाळची नोंद सव्वासातला, रात्रपाळीने जाण्याआधी करायची असं ठरलं. मार्चमधले हिमॅटॉलॉजीचे कंट्रोल पुन्हा तपासले, ते मर्यादेत होते, म्हणून कुठला अहवाल परत बोलवावा लागला नाही. ही तपासणी विसरून चालत नाही. नुसता तक्ता सुधारला आणि रुग्णांच्या अहवालांचं काय झालं हे पाहिलंच नाही, तर सुधारणा अर्धी राहते.

मे महिन्याचा तक्ता आला तो मार्चपेक्षा वाईट दिसत होता : ५.२, ३.८, ६.९ आणि दोन दुपारी ९ च्या वर. ते दोन आकडे लाल गोलात, बाजूला कारण आणि काय केलं ते लिहिलेलं. तक्ता पाहून ती खूश होती. प्रशासनातल्या एका गृहस्थांना मात्र वाटलं की क्वालिटी मॅनेजर आल्यापासून फ्रीज बिघडला. त्यांना समजावणं माझ्याकडे आलं, आणि ते मी एकदा नव्हे, तीनदा केलं.

पुढचं थोडक्यात

३० जूनला परतीचा दिवस आला. तिने काम पुढे चालू ठेवायचं ठरवलं. जुलैत फक्त कागदपत्रं. एकदा पावसाने गाड्या थांबल्या तेव्हा तिने लॅबमध्येच मुक्काम केला आणि रात्रपाळीचं काम पहिल्यांदा सलग पाहिलं. त्यातून रात्रीच्या नोंदींचे तीन बदल निघाले.

डॉक्टरांचं ऑडिट सप्टेंबरमध्ये झालं, आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. धोकादायक पातळीचे निकाल फोनने कळवल्याची नोंदवही तिने पॅथॉलॉजिस्ट मॅडमपुढे धरली आणि विचारलं, "मॅडम, हे पोटॅशियम कुणाला कळवलं, किती वाजता?" रकाना रिकामा होता. मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडून राहिलं. लिही." जानेवारीपासून जिची भीती होती ती गोष्ट दोन मिनिटांत आटोपली.

पूर्ण अंतर्गत ऑडिट ऑक्टोबरमध्ये संपलं. सदतीस नॉन-कन्फॉर्मिटी. नोव्हेंबरच्या आढाव्यात हा आकडा ऐकून ट्रस्टी दचकतील हे आम्ही आधीच धरलं होतं, म्हणून ऑगस्टमध्येच त्यांना सांगून ठेवलं होतं की पहिल्या ऑडिटमध्ये तीस-चाळीस निघाल्या तर ऑडिट नीट झालं असं समजा. तिने आढावा मराठीत मांडला. इंग्रजी स्लाइड मागे, बोलणं मराठीत. एकोणतीस बंद झाल्या होत्या, आठ चालू होत्या, प्रत्येकीपुढे तारीख. अर्ज सप्टेंबरऐवजी डिसेंबरमध्ये गेला. उशीर अडीच महिन्यांचा. त्यातले तीन आठवडे फ्रीजचे, आणि ते मी पुन्हाही खर्च करीन. उरलेले बहुतेक माझ्या सहा तासांच्या चुकीच्या हिशेबाचे.

या प्रकरणावरून सगळीकडे असंच होईल असं मी म्हणणार नाही. आमच्या प्रमुख अकराही महिने जागेवर होत्या आणि दिलेल्या शब्दाला जागल्या. दुसऱ्या एका विभागात असंच काम एकीला दिलं होतं. तिथले प्रमुख दुसऱ्या महिन्यात बदलले, नव्यांनी अधिकारपत्र नव्याने काढलं नाही, आणि ती मुलगी चार महिने नुसती फायली लावत बसली. तिची तयारी कमी नव्हती. प्रमुख बदलले की पहिल्याच आठवड्यात ते एक पान त्यांच्यापुढे ठेवून सही घ्यायची, हे मी तेव्हापासून चुकवत नाही.

बायोकेमिस्ट्रीचं ऑडिट तिला करता येत नाही, म्हणून तिच्या जागी बसलेल्या मुलाऐवजी हिमॅटॉलॉजीतल्या एका टेक्निशियनला तिने त्यासाठी तयार केलं. तोही आधी ठाण्याला जाऊन आला, मग एक खोली, पाऊण तास, पाच प्रश्न. जानेवारीत तो वही घेऊन बायोकेमिस्ट्रीच्या बेंचपाशी उभा राहिला. तिचा बेंचवरचा दिवस होता. कागदावर लिहून आणलेला पहिला प्रश्न त्याने वाचला : "ताई, कॅल्शियमचा लॉट शेवटचा बदलला तेव्हाची तुलना दाखवता?" तिने खालचा खण उघडला आणि रजिस्टर त्याच्यापुढे ठेवलं.